कोरियन बेबी मॉनिटर ॲप: अलर्ट, झोपेची नोंद आणि कॅमेरा कोणाकोणाला दिसतो

आम्ही सुवोनला राहतो, बाळ आता नऊ महिन्यांचं आहे आणि त्याच्या खोलीत एक इथलाच घेतलेला बेबी कॅमेरा आहे. कॅमेरा चांगला आहे, तक्रार नाही, पण त्याच्या ॲपमध्ये इंग्लिश निवडलं तरी फक्त वरवरचे मेनू इंग्लिश होतात आणि आत सेटिंगमध्ये शिरलं की सगळं परत कोरियन. मला हंगुल वाचता येतं, रोजचं बोलणं जमतं, पण सेटिंगची भाषा वेगळीच असते, त्यामुळे समोरच्या फ्लॅटमधल्या ऑन्नीला बसवून (तिची दोन मुलं याच प्रकारच्या कॅमेऱ्यावर मोठी झाली) मी एकेक पान समजून घेतलं. इथे बाळं असलेल्या बऱ्याच मराठी मैत्रिणी हेच विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही, कारण इथल्या बहुतेक ॲपमध्ये हे शब्द थोड्याफार फरकाने असेच असतात.

सुरुवात 알림 पासून, म्हणजे अलर्ट. आत गेलं की एकाखाली एक बटणं: 움직임 감지 म्हणजे हालचाल, 소리 감지 म्हणजे आवाज, 울음 감지 म्हणजे रडणं, 뒤집기 감지 म्हणजे बाळ पालथं झालं तर. आधी मला वाटायचं की आवाज आणि रडणं ही एकच गोष्ट दोनदा दिलीय, पण तसं नाहीये. 소리 감지 फक्त आवाज किती मोठा आहे एवढंच बघतं, तो कशाचा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 울음 감지 रडण्याचा सूर ओळखायचा प्रयत्न करतं. आमच्या अपार्टमेंटमध्ये मॅनेजमेंट ऑफिसच्या सूचना घरातल्या भिंतीवरच्या स्पीकरवरून येतात, लिफ्टचं काम आहे, उद्या पाणी बंद आहे, असं काहीबाही, आणि प्रत्येक वेळी माझा फोन वाजायचा की बाळाच्या खोलीत आवाज. राइस कुकरने वाफ सोडली की तेच. ऑन्नीने सांगितलं की रात्री 소리 감지 बंद ठेव आणि 울음 감지 चालू ठेव, दिवसा बाळ झोपलेलं असताना तू घरातच असतेस तेव्हाही तेच चालेल. पण एक गोष्ट तिने आवर्जून सांगितली, की बाळ कुंथतं, कण्हतं, हळू आवाजात कुरकुरतं ते 울음 감지 ला बऱ्याचदा रडणं वाटतच नाही. म्हणून बाळाला सर्दी होती तेव्हा आम्ही 소리 감지 परत चालू केलं आणि त्याची 민감도, म्हणजे तो किती पटकन जागा होतो ते, 낮음 वर म्हणजे कमीवर ठेवलं.

या पानाच्या तळाशी एक ओळ आहे 알림 간격, त्यापुढे १ मिनिट, ५ मिनिटं, १० मिनिटं असे पर्याय. ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित. अर्थ असा की एकदा अलर्ट आला की तेवढा वेळ त्याच प्रकारचा दुसरा अलर्ट येणार नाही. आमच्याकडे कंपनीकडूनच ५ मिनिटं लावून आलं होतं. आता समजा रात्री २ वाजून ३ मिनिटांनी बाळ रडलं, फोन एकदा टुंग करून गप्प झाला आणि तुम्ही गाढ झोपेत होतात, तर २ वाजून ८ मिनिटांपर्यंत ते कितीही रडलं तरी फोन काही बोलणार नाही, आणि सकाळी यादीत एकच अलर्ट दिसेल म्हणजे वाटेल की एकदाच रडलं. शेजारच्या खोलीत झोपत असाल तर कानाने ऐकू येतं म्हणून चालून जातं, पण आमची झोपायची खोली दुसऱ्या टोकाला आणि दोन्ही दारं बंद असतात. आम्ही १ मिनिट केलं. सकाळी यादी लांबलचक दिसते, दिसू दे.

आता जे मी सगळ्यांना पहिलं बघायला सांगते ते म्हणजे 연결 끊김 알림. कॅमेऱ्याचं नेट तुटलं किंवा प्लग निघाला तर कळवणारा अलर्ट, आणि आमच्या ॲपमध्ये तो मुळात बंद होता! विचार करा, रात्रभर फोन शांत राहिला याचा अर्थ बाळ शांत झोपलंय असाही होतो आणि कॅमेरा रात्री ११ लाच बंद पडलाय असाही होतो, फोनकडे बघून दोन्हीत फरक कळत नाही. तो चालू केला आणि मग नुसतं बटणावर विश्वास न ठेवता करून बघितलं, नवरा फोन घेऊन बेडरूममध्ये, मी कॅमेऱ्याचा प्लग काढला. त्याच्या फोनवर मेसेज यायला दोनेक मिनिटं लागली, ठीक आहे, कारण ॲप लगेच ओरडत नाही, जरा वाट बघून मगच तुटलं असं धरतं. माझ्या फोनवर मात्र काहीच आलं नाही.

याचं कारण ॲपमध्ये नव्हतंच, फोनमध्ये होतं. ॲपमधलं बटण चालू असलं तरी फोनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये त्या ॲपचे अलर्ट वेगवेगळ्या गटांत विभागलेले असतात, आणि त्यातला उपकरणाच्या अवस्थेचा गट माझ्याकडे बंद होता. शिवाय बॅटरी वाचवण्यासाठी फोन बराच वेळ न उघडलेली ॲप झोपवतो. ॲपच्या माहितीच्या पानावर 배터리 मध्ये जाऊन 제한 없음 केलं, म्हणजे या ॲपवर बंधन नको, आणि रात्रीच्या 방해 금지 मोडमध्ये म्हणजे डू नॉट डिस्टर्बमध्ये या ॲपला सूट दिली. मग परत प्लग काढून बघितला, आला मेसेज. ही प्लगची चाचणी मी आता ॲपचं अपडेट आलं की करते, कारण एका अपडेटनंतर गटांची नावं बदलली आणि नवीन गट परत बंद अवस्थेत आले होते.

뒤집기 감지 बद्दल एवढंच, की तो अलर्ट आहे म्हणून बाळाला कुशीवर किंवा पालथं झोपवायचं नाही. पाठीवरच झोपवायचं, आजूबाजूला उशी-दुलई नाही, आणि कॅमेऱ्याची वायर बाळाच्या हातापासून किमान तीन फूट लांब. कॅमेरा हे काही वैद्यकीय उपकरण नव्हे, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही स्पष्ट सांगते की झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कमी व्हावा म्हणून घरगुती मॉनिटरवर विसंबू नका. हे मी प्रत्येक मैत्रिणीला सांगते.

आता झोपेची नोंद, 수면 기록. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण डॉक्टरकडे जायचं होतं. इथे बाळांची ठरावीक वयांत सरकारी तपासणी असते, 영유아 건강검진, त्यातली एक ९ ते १२ महिन्यांत येते, आणि मला बाळ कमी झोपतंय का हे विचारायचं होतं. ॲप म्हणत होतं की दिवसाला पावणेअकरा तास. ४ ते १२ महिन्यांच्या बाळांना दिवसाच्या डुलक्या धरून १२ ते १६ तास झोप हवी असं अमेरिकन झोपतज्ज्ञांची संघटना सांगते, त्यामुळे तो आकडा बघून पोटात गोळाच आला.

तेव्हा एक आख्खा दिवस घेतला आणि कागदावर लिहित बसले, खरं काय झालं आणि ॲपने काय लिहिलं. बाळ रात्री ८.४० ला झोपलं. ११.५० ला उठलं, दूध पिऊन १२.२० ला परत झोपलं. ३.१० ला उठलं, ३.४० ला झोपलं. मग सकाळी ६.३० पर्यंत सलग, हे मला पक्कं माहीत आहे कारण पाचच्या सुमारास मी स्वतः दारातून डोकावून आले होते, ढाराढूर झोपलेलं. म्हणजे ३ तास १०, मग २ तास ५०, मग परत २ तास ५०, एकूण ८ तास ५० मिनिटं. ॲपमध्ये रात्रीची झोप होती 8시간 35분 आणि 깬 횟수, म्हणजे किती वेळा जागं झालं, त्यासमोर ३. पंधरा मिनिटं कमी आणि एक जाग जास्त. तिसरी जाग कुठली, तर ५.१० ते ५.२५.

मागच्या दिवसांच्या नोंदी उघडल्या तर रोज पाचच्या आसपास 깸, जाग. रोज! एवढं नेमाने कुठलं बाळ उठतं? त्या वेळेचा व्हिडिओ उघडला आणि कळलं. रात्रभर चित्र काळं-पांढरं असतं कारण कॅमेरा इन्फ्रारेडवर असतो. उन्हाळ्यात इथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य उगवतो, त्याच्या जरा आधी खिडकीतून उजेड यायला लागला की कॅमेरा आपोआप दिवसाच्या मोडवर जातो, बारीक टिक असा आवाज येतो आणि सगळं चित्र एकदम रंगीत होतं, भिंत पिवळी, चादर हिरवी. आणि चित्रातला प्रत्येक ठिपका बदलला म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने केवढी मोठी हालचाल! मग ढग आले की परत काळं-पांढरं, उजेड आला की परत रंगीत, असं चार-पाच वेळा होतं आणि ॲप लिहून टाकतं की बाळ पंधरा मिनिटं जागं. बाळाने त्यात कूससुद्धा बदलली नव्हती.

मुद्दा हा की ही नोंद झोपेची नसतेच, ती हालचालीची असते. काही मिनिटं चित्रात हालचाल नाही म्हणजे झोपलं, हालचाल झाली म्हणजे उठलं, असा साधा हिशोब आहे, त्यात आवाजाची थोडी भर. डोळे उघडे ठेवून छताकडे बघत शांत पडलेलं बाळ त्याला झोपलेलं वाटतं, आणि झोपेत हातपाय झाडणारं बाळ जागं वाटतं. यावर उपाय दोन केले. 야간 모드 म्हणजे रात्रीचा मोड आपोआप ऐवजी कायम चालू केला, आणि 감지 영역 मध्ये जाऊन चौकोन फक्त बाळाच्या गादीपुरता ओढला. आधी त्या चौकोनात पडदाही येत होता आणि एअर प्युरिफायरच्या वाऱ्याने तो हलायचा. पाचची जाग दुसऱ्याच दिवशी गायब झाली.

दिवसाच्या डुलक्यांचं काय, तर 낮잠 मध्ये दोन होत्या, ९.३० ते १०.१० आणि १२.४० ते २.१०, दोन्ही बरोबर, २ तास १० मिनिटं. पण संध्याकाळी ४.१५ ते ५.३० बाळ माझ्या छातीशी कॅरियरमध्ये झोपलं होतं, मी त्याला घेऊन तळ्याकाठी फिरत होते, आणि कॅमेऱ्याला ते दिसणार कसं! तो सव्वा तास नोंदीत नाहीच. सव्वा तास इथला आणि रात्रीची पंधरा मिनिटं, म्हणजे दीड तास. ॲपचे १० तास ४५ मिनिटं आणि हे दीड तास मिळून १२ तास १५ मिनिटं झाली. कमी नव्हतं झोपत माझं बाळ. कॅरियरमधली, स्ट्रोलरमधली, गाडीतली झोप आता मी + दाबून 수동 기록 मध्ये हाताने घालते, आणि चुकीची जाग दिसली तर त्या पट्टीवर बोट दाबून 수정 करते. डॉक्टरांनी दुरुस्त केलेला आठवडा बघितला, दूध आणि वजन विचारलं, म्हणाले काळजीचं काही नाही.

अजून एक गोष्ट गोंधळात टाकते. आमच्या ॲपमध्ये दिवस मध्यरात्री संपतो, त्यामुळे एकच रात्र दोन तारखांत फाटते. वरच्याच रात्रीचं बघा, ३ तास १० मिनिटं एका तारखेत आणि ५ तास ४० मिनिटं दुसऱ्या तारखेत. तारखेप्रमाणे बार बघितले की त्यात आदल्या रात्रीचा शेवट आणि आजच्या रात्रीची सुरुवात अशी खिचडी असते, आणि एखाद्या रात्री बाळ उशिरा झोपलं की एक बार उगाच छोटा होतो. सेटिंगमध्ये 하루 기준 시간 आहे, दिवस कधीपासून मोजायचा ते, तिथे सकाळी ७ केलं. तेव्हापासून एक रात्र एका बारमध्ये दिसते. तुमच्या ॲपमध्ये हे नसेल तर तारखेचं पान न बघता २४ तासांचं गोल किंवा पट्टीचं पान बघा.

आता शेअरिंग. आमचे आईबाबा साताऱ्यात, सासूबाई नाशिकला, आणि सगळ्यांना बाळ बघायचं असतं, ते बघायला मिळावं हे मलाही मनापासून वाटतं. सोपा रस्ता म्हणजे आपलाच पासवर्ड देऊन टाकणं, आणि बरेच जण तेच करतात. तो मी घेतला नाही. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी कोरियाच्या पोलिसांनी जाहीर केलं की १ लाख २० हजारांहून जास्त आयपी कॅमेरे हॅक केल्याबद्दल चौघांना पकडलंय, त्यात लोकांच्या घरातले कॅमेरेही होते, आणि आत शिरायचा मार्ग काय तर सोपे पासवर्ड, एकच अक्षर परत परत किंवा ओळीने आकडे. तोच पासवर्ड पाच फोनवर फिरत असेल तर तो कधी बदलायचा म्हटलं तरी पाच घरांत फोन करावे लागतात, म्हणून कोणी बदलत नाही. त्यापेक्षा ज्याचं त्याचं खातं आणि आपल्याकडून आमंत्रण.

공유 मध्ये 초대 दाबलं की एक कोड येतो, आमच्याकडे तो २४ तास चालतो. अडचण खातं उघडताना आली, कारण मोबाईल नंबरची खात्री कोरियन नंबरवरच होते. आईच्या फोनवर ईमेलने खातं उघडायचा पर्याय खाली बारीक अक्षरात होता, तो वापरला. तिथेच 전체 동의 येतं, सगळ्याला एकदम संमती, आणि व्हिडिओ कॉलवर आई त्यावर बोट ठेवणार तेवढ्यात मी थांबवलं. त्याखाली ओळी असतात, काहींपुढे 필수 म्हणजे आवश्यक आणि काहींपुढे 선택 म्हणजे ऐच्छिक. ऐच्छिकमध्ये जाहिरातींचे मेसेज होते आणि ओळख सुधारण्यासाठी व्हिडिओ वापरायची परवानगी होती. इथल्या कायद्याप्रमाणे ऐच्छिक संमती दिली नाही म्हणून सेवा नाकारता येत नाही, त्यामुळे 필수 तेवढंच टिक केलं, ॲप व्यवस्थित चालतंय.

आमंत्रण स्वीकारलं की प्रत्येक माणसापुढे 권한 उघडतं, त्याला काय काय करता येईल: 실시간 영상 म्हणजे लाइव्ह बघणं, 녹화 영상 म्हणजे साठवलेले व्हिडिओ, 양방향 대화 म्हणजे कॅमेऱ्यातून बोलणं, 수면 기록, आणि 알림 받기 म्हणजे अलर्ट मिळणं. मुळात सगळं चालू येतं. पहिल्याच रात्री काय झालं, बाळ ३.१० ला रडलं, भारतात तेव्हा ११.४० वाजलेले, आईच्या फोनवर अलर्ट गेला आणि तिने काळजीने लगेच मला फोन लावला, “अगं रडतंय गं ते, उठलीस का?” मी बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होते आणि फोन वाजतोय. तिचं काही चुकलं नाही, कोणत्याही आजीने हेच केलं असतं. 알림 받기 तिच्यासाठी बंद केलं. 양방향 대화 सुद्धा बंद केलं, कारण झोपलेल्या बाळाच्या कानाशी कॅमेऱ्यातून एकदम “सोन्या!” ऐकू आलं तर ते दचकून उठतं, गप्पा मारायला व्हिडिओ कॉल आहेच की. झोपेची नोंदही नुसती बघता येईल एवढीच ठेवली, पण तिथे दुसरा गोंधळ झाला, आई म्हणाली “संध्याकाळी पाचलाच झोपवता लेकराला?” तिच्या फोनवर वेळ भारताची दिसत होती, आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणून ८.४० चे ५.१० झाले होते. 시간대 मध्ये कॅमेऱ्याची वेळ निवडल्यावर ते सुटलं.

यादी बघताना बाळंतपणानंतर मदतीला येणाऱ्या ताईंचं नावही अजून दिसलं. त्या यायच्या तेव्हा त्यांना सांगून, विचारून कॅमेरा चालू असायचा आणि त्यांच्या फोनवरही लाइव्ह दिसायचं. काम संपल्यावर नाव काढायचं तर इथे तीन बटणं जवळजवळ आहेत आणि ती नीट वाचायला हवीत. 일시 중지 म्हणजे तात्पुरतं थांबवणं, माणूस यादीत राहतो. 공유 해제 म्हणजे त्या माणसाचं शेअरिंग संपलं, हेच हवं. आणि लाल रंगातलं 기기 삭제 म्हणजे कॅमेराच खात्यातून काढणं, ते दाबलं तर साठवलेले व्हिडिओ आणि नोंदी जातात असं पुढच्या पानावर लिहिलेलं असतं, तिथे 취소 दाबून परत यायचं. 공유 해제 केल्यावर मी 로그인 기기 सुद्धा बघते, कुठल्या फोन-टॅबवर आपलं खातं उघडं आहे त्याची यादी, ओळखीचं नसेल ते बंद, आणि 2단계 인증 म्हणजे लॉगिनची दोन टप्प्यांची खात्री चालू.

पुढच्या महिन्यात आई इथे येतेय आणि काही रात्री तीच बाळाजवळच्या खोलीत झोपणार आहे. तेव्हा तिचं 알림 받기 परत चालू करावं लागेल, रडणं आणि नेट तुटणं हे दोनच, आणि तिच्या फोनमध्येही बॅटरीचं बंधन काढून, तिच्या हातात फोन देऊन मी एकदा प्लग काढून बघणार आहे.